स्प्रिंगचा प्रयोग: पाण्यात उत्तर जुळतं, हवेत जुळत नाही. असं का?

आरती_एफवाय

नमस्कार. मी एफ.वाय.बी.एस्सी.ला आहे. आमच्या गटाने फोर्स्ड ऑसिलेशनचा प्रयोग केला आणि एका ठिकाणी अडलोय. जर्नल पुढच्या आठवड्यात द्यायचंय, पण त्याहून जास्त म्हणजे हे का होतंय ते मला समजून घ्यायचंय.

मांडणी अशी: स्प्रिंगचा k = 20 N/m, खाली एकूण 200 ग्रॅम. म्हणजे ω0 = 10 rad/s, वारंवारता 1.59 Hz. स्प्रिंगचं वरचं टोक दोऱ्याने मोटरच्या क्रँकला बांधलंय. क्रँक फिरली की ते टोक 2 मिमी वर आणि 2 मिमी खाली जातं.

पहिल्या भागात वजनाला 15 सेमी व्यासाची पुठ्ठ्याची चकती लावली आणि सगळं हवेतच ठेवलं. मोटर बंद ठेवून वजन खाली ओढून सोडलं, तर आयाम 40 मिमीवरून 20 मिमीवर यायला 7 आंदोलनं लागली. त्यावरून Q = π × 7 / ln 2, म्हणजे जवळजवळ 32. दुसऱ्या भागात पुठ्ठा काढून वजनाखाली बारीक सळई आणि 4 सेमीची प्लास्टिकची चकती लावली, आणि फक्त ती चकती पाण्याच्या बरणीत बुडवली. एकूण वस्तुमान पुन्हा 200 ग्रॅम केलं. इथे दर आंदोलनाला आयाम निम्म्याच्या आसपास येत होता, Q साधारण 5.

सूत्राप्रमाणे रेझोनन्सला आयाम = Q × 2 मिमी. पाण्यात 10 मिमी यायला हवा होता, आणि 10 मिमीच आला. हवेत 63 मिमी यायला हवा होता, आला 39. मोटर सुरू करून दर वेळी 10 आंदोलनं जाऊ दिली आणि मग पट्टीवर वाचलं. डॅम्पिंग कमी असताना थिअरी जास्त चांगली जुळायला हवी ना? इथे उलटंच झालंय.

अजून एक. पाण्यात शिखर 1.59 ला नाही, 1.50 Hz ला मिळालं. डॅम्पिंगमुळे शिखर डावीकडे सरकतं हे वाचलंय, पण इतकं?

इंद्रायणीकाठ

मी मेकॅनिकलवाला. उत्तर सोपं आहे. हवेचा विरोध वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वेग वाढला की त्याहून झपाट्याने वाढतो. तुम्ही Q काढला 40 ते 20 मिमीच्या पट्ट्यात. 63 मिमीला वेग त्याच्या दुप्पट, म्हणजे डॅम्पिंग जास्त, म्हणजे Q कमी, म्हणून आयाम कमी. सूत्रातला डॅम्पिंगचा b हा स्थिर आकडा नसतोच.

बाकी तत्त्व एकच लक्षात ठेवा. डॅम्पिंग वाढवलं की कंपन कमी होतं, कुठल्याही वारंवारतेला, कुठल्याही यंत्रात.

अनघा_डोंबिवली

चांगला विषय निघाला. आमचं फ्रंट लोड वॉशिंग मशीन स्पिन सुरू होताना पाच-दहा सेकंद दणादण आपटतं, मग पूर्ण वेगात शांत होतं, आणि थांबताना पुन्हा एकदा आपटतं. गेल्या वर्षापर्यंत असं नव्हतं. पायाखाली जाड रबर टाकून पाहिलं, फरक नाही. हे रेझोनन्सच ना? मग रबराने डॅम्पिंग वाढून ते थांबायला नको का?

लंबक

आरती, आकडे इतके नीट दिलेस की इथे बसून प्रयोग डोळ्यांसमोर आला. अनघाताई, तुमच्याकडे नंतर येतो, तो प्रश्न वेगळा आहे आणि महत्त्वाचाही.

इंद्रायणीकाठ म्हणतात ते खरं आहे, पण मला वाटतं तो धाकटा भाग आहे. थोरला भाग तुझ्या एका वाक्यात आहे: 10 आंदोलनं जाऊ दिली.

सूत्र जो आयाम सांगतं तो शेवटचा, स्थिरावलेला आयाम. तिथवर पोचायला वेळ लागतो, आणि किती लागतो हे Q वरच ठरतं. मोटर सुरू केलीस तेव्हा वजन स्थिर होतं. नेमक्या रेझोनन्सला पहिल्या आंदोलनात आयाम किती वाढतो याचा हिशेब कर: π × 2 मिमी, म्हणजे जेमतेम 6 मिमी. या आकड्यात डॅम्पिंग कुठेच नाही. वेग अजून कमी असल्याने विरोध नगण्य असतो, त्यामुळे हवा असो की पाणी, सुरुवात जवळजवळ सारखीच. एका आंदोलनात 6 मिमी, मग 63 ला पोचायला डॅम्पिंग शून्य धरलं तरी 10 आंदोलनं हवीत. डॅम्पिंग आहे म्हटल्यावर त्याहून पुष्कळ जास्त.

आता ऊर्जेकडे बघ. रेझोनन्सला मोटर दर आंदोलनाला जी ऊर्जा आत घालते ती आयामाच्या प्रमाणात वाढते. डॅम्पिंग जी ऊर्जा खातं ती आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आयाम लहान असताना मोटरचं पारडं जड असतं आणि आयाम वाढत जातो. वाढता वाढता एका ठिकाणी खाणं आणि घालणं सारखं होतं आणि वाढ थांबते. डॅम्पिंग ठरवतं ते हे थांबण्याचं ठिकाण. पाण्यात ते 10 मिमीवर आहे, पाच-सहा आंदोलनांत गाठलं जातं. हवेत ते लांब आहे.

वरच्या टोकाचा आयाम X धरला, तुझ्याकडे 2 मिमी, तर n आंदोलनांनंतरचा आयाम असा:

A(n) = Q X (1 − e^(−πn/Q))

पाण्यात Q = 5, n = 10 घाल. कंसात 0.998 येतं, म्हणजे तू वाचलास तो शेवटचाच आयाम. हवेत Q = 32, n = 10 घाल. कंसात 0.63 येतं, आणि 63 चे 0.63 म्हणजे 40 मिमी. तू 39 वाचलास.

तेव्हा मोटर चालू ठेवून निदान 50 आंदोलनं थांब. अर्ध्या मिनिटाचंच काम आहे. मग काय येतं ते इथे लिही.

आरती_एफवाय

बापरे, 40 आणि 39! पण सर, मग बाकीच्या वारंवारतांची वाचनंसुद्धा 10 आंदोलनांवरच घेतली आहेत. तीही चुकली का? एक गोष्ट लिहायची राहिली होती. 1.4 Hz च्या आसपास हवेत आयाम आधी वाढायचा, मग कमी व्हायचा, मग पुन्हा वाढायचा. आम्हाला वाटलं मोटरचा वेग स्थिर नाही, म्हणून ती वाचनं खोडली.

लंबक

मोटर बहुतेक ठीक आहे. सुरुवातीला वजनात दोन आंदोलनं एकाच वेळी असतात. एक मोटरच्या वारंवारतेचं, जे टिकतं. दुसरं त्याच्या स्वतःच्या 1.59 चं, जे हळूहळू मरतं. 1.4 आणि 1.59 एकत्र आले की 0.19 Hz चे ठोके पडतात, म्हणजे साधारण पाच सेकंदांनी आयाम फुगतो आणि ओसरतो. तुझ्या हवेतल्या मांडणीत स्वतःचं आंदोलन 10 आंदोलनांत 37 टक्क्यांवर येतं, म्हणजे ठोके तेव्हा ठळक दिसणारच. पाण्यात ते दिसले नसतील.

हे ठोके ही फार कामाची खूण आहे. आयाम फुगून ओसरत असेल तर तू शिखरापासून बाजूला आहेस आणि अजून थांबायला हवंस. ओसरण्याशिवाय नुसता वाढत जाऊन सपाट होत असेल तर शिखराजवळ आहेस. तरी अगदी शिखरावर आहेस का हे आयामावरून कळणं अवघड. Q = 32 ला शिखराची रुंदी फक्त 0.05 Hz आहे. शिखरापासून 0.025 Hz सरकलीस तरी 63 चे 45 होतात. त्यासाठी फेज बघ. स्प्रिंगचं वरचं टोक सगळ्यात वर पोचतं त्या क्षणी वजन मधून वर जात असेल, तर तू बरोबर शिखरावर आहेस. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दोन्ही एका चौकटीत घे, लगेच दिसेल.

खोडलेली वाचनं फाडू नकोस. कशामुळे तसं झालं ते जर्नलमध्ये लिही.

वीणा_नाशिक

मी एम.एस्सी.ला आहे. लंबक सरांच्या मुद्द्याला धरून एक सांगते. आपण सगळ्यांनी एलसीआर रेझोनन्स केलेला असतो आणि तिथे कोणी थांबायला सांगत नाही. कारण 5 kHz ला Q = 20 असेल तर स्थिरावण्याचा काळ साधारण सहा आंदोलनं, म्हणजे सव्वा मिलिसेकंद. नॉब सोडेपर्यंत सगळं कधीच संपलेलं असतं. गणित तेच, पण स्प्रिंगला एका आंदोलनाला 0.63 सेकंद लागतात, म्हणून इथे ते उघडं पडतं. एलसीआरची सवय घेऊन स्प्रिंगकडे गेलं की हमखास हे होतं.

इंद्रायणीकाठ

थांबायचं वगैरे मान्य. पण माझा मुद्दा धाकटा म्हणून बाजूला टाकू नका. थांबून पाहा, 63 येणार नाही. लिहून ठेवा.

आरती_एफवाय

आज पुन्हा लॅबमध्ये गेलो. 1.59 ला ठेवलं, स्लो मोशनने फेज तपासली, एक मिनिटभर थांबलो. आयाम वाढत वाढत 51 मिमीवर सपाट झाला. पुढे आणखी दोन मिनिटं बघितलं, 51 च.

मग इंद्रायणीकाठ सरांचं म्हणणं तपासायला मोटर बंद करून वेगवेगळ्या पट्ट्यांत निम्मं व्हायला किती आंदोलनं लागतात ते मोजलं. 60 वरून 30 ला 6 लागली. 40 वरून 20 ला पूर्वीसारखीच 7. 20 वरून 10 ला 8.

लंबक

इंद्रायणीकाठ, तुमचं बरोबर निघालं. डॅम्पिंग वेगाच्या प्रमाणात असतं तर तिन्ही पट्ट्यांत आकडा एकच आला असता. इथे 6, 7, 8 आलाय, म्हणजे Q अनुक्रमे 27, 32, 36. आयाम जितका मोठा तितका Q लहान. ही ओढ 51 मिमीपर्यंत नेली तर Q 25 च्या आसपास येतो, आणि 25 × 2 म्हणजे 50. आरतीला मिळाले 51. यापेक्षा चांगली जुळणी पट्टीने होणार नाही.

तरी थोरला-धाकटा हा फरक मी सोडत नाही. 39 आणि 63 मध्ये 24 मिमीचं अंतर होतं. त्यातले 12 न थांबल्यामुळे गेले आणि 12 विरोध वेगाच्या प्रमाणात नसल्यामुळे. म्हणजे दोघेही निम्मे निम्मे! धाकटा म्हणालो ते मागे घेतो, जुळे म्हणू.

इंद्रायणीकाठ

चालेल. जुळे.

अनघा_डोंबिवली

माझं मशीन राहिलंच.

लंबक

विसरलो नाही, ताई. उलट इंद्रायणीकाठांचं जे दुसरं वाक्य आहे, की डॅम्पिंग वाढवलं की कुठल्याही यंत्रात कंपन कमी, त्यावर तुमचं मशीन हेच उत्तर आहे.

ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि खालून त्याला डॅम्परच्या दांड्या असतात. त्या टांगणीची स्वतःची वारंवारता काही हर्ट्झच असते. स्पिनचा पूर्ण वेग मिनिटाला 1000 फेरे धरा, म्हणजे जवळजवळ 17 Hz. तिथे जाताना वेग टांगणीच्या वारंवारतेतून पार होतो, थांबताना पुन्हा पार होतो. तुमचे दोन दणके ते हेच. पूर्वी होत नव्हते आणि आता होतात, तर डॅम्परच्या दांड्या झिजल्याची शंका पहिली घ्यावी. मेकॅनिकला तेच तपासायला सांगा. मशीनच्या पायाखालच्या रबराने आतल्या टांगणीचं डॅम्पिंग बदलत नाही, म्हणून फरक पडला नाही.

आता कुणी म्हणेल, मग कंपनी खूप कडक डॅम्पर का घालत नाही? कारण दणक्यात जो डॅम्पर वाचवतो तोच पूर्ण वेगात त्रास देतो. ड्रमचं कंपन पेटीपर्यंत दोन वाटांनी येतं, स्प्रिंगमधून आणि डॅम्परमधून. वेग जास्त असेल तर डॅम्परची वाट रुंद होते, कारण त्याचं बल वेगावर ठरतं. मशीनचा वेग टांगणीच्या वारंवारतेच्या √2 पटीच्या, म्हणजे सुमारे 1.4 पटीच्या, पुढे गेला की डॅम्पिंग वाढवल्याने पेटीला पोचणारं बल वाढतं. त्या आधी कमी होतं, त्या नंतर वाढतं. टांगणी 3 Hz ची धरली तर 17 Hz कितीतरी पलीकडे आहे. म्हणून दणका सोसवेल इतकंच डॅम्पिंग ठेवतात, अधिक नाही.

इंद्रायणीकाठ

थांबा. आरतीच्या प्रयोगात तर 3 Hz लाही पाण्यात आयाम हवेपेक्षा जास्त आला नसणार. तिथे √2 कुठे गेलं?

आरती_एफवाय

हो, 3 Hz ला दोन्हीकडे एक मिमीच्या आतच होता, पट्टीवर फरकच कळला नाही. 0.5 Hz लाही दोन्हीकडे 2 मिमीपेक्षा किंचित जास्त.

लंबक

प्रश्न योग्य आहे. आरतीच्या प्रयोगात डॅम्परचं दुसरं टोक म्हणजे बरणीतलं पाणी, आणि बरणी टेबलावर स्थिर आहे. मोटर फक्त स्प्रिंगला हलवते. तिथे आपण वजनाचा आयाम मोजतो, आणि तो डॅम्पिंगने कुठल्याही वारंवारतेला वाढत नाही. तिच्यासाठी तुमचं वाक्य खरं आहे, फक्त शिखरापासून लांब फरक नगण्य होतो. 0.5 Hz ला स्प्रिंगचा ताठरपणा सगळं ठरवतो, 3 Hz ला वस्तुमान. डॅम्पिंगचं राज्य शिखराच्या आसपासच. मशीनमध्ये मोजायची गोष्टच वेगळी आहे: पलीकडच्या पेटीला किती बल पोचलं. डॅम्पर कुठून कुठे जोडलाय आणि मोजतोय काय, हे आधी बघायचं.

अनघा_डोंबिवली

मेकॅनिक येऊन गेला. दोन्ही दांड्या हाताने सहज आतबाहेर सरकत होत्या, म्हणे त्या घट्ट जायला हव्यात. बदलल्या. सुरुवातीला अजून थोडं हलतं, पण आपटत नाही. धन्यवाद.

वीणा_नाशिक

आरतीचा दुसरा प्रश्न सगळे विसरले. पाण्यात शिखर 1.59 वरून 1.50 ला, म्हणजे जवळजवळ 6 टक्के. डॅम्पिंगमुळे शिखर √(1 − 1/(2Q²)) पट होतं. Q = 5 ला ते फक्त 1 टक्का, 1.59 चे 1.575. बाकी 5 टक्के डॅम्पिंगचे नाहीत.

माझ्या मते ते पाण्याचं वस्तुमान आहे. चकती हलते तेव्हा आजूबाजूचं पाणीही मागेपुढे ढकलावं लागतं, म्हणजे 200 ग्रॅमपेक्षा जास्त काहीतरी हलतंय. पातळ चकती आपल्या सपाट बाजूने हलत असेल तर हे जास्तीचं वस्तुमान (8/3)ρa³ येतं. a = 2 सेमी घातलं की 21 ग्रॅम. मग वारंवारता 1.59 ची 1.51 होते, आणि त्यातून डॅम्पिंगचा 1 टक्का वजा केला की 1.50.

तपासायचं असेल तर मोटर बंद ठेवून पाण्यात वजन सोड आणि दोन-तीन आंदोलनांचा काळ मोज. नुसत्या डॅम्पिंगने मुक्त आंदोलनाची वारंवारता अर्धा टक्काच कमी होते. तिथेही 1.50 च्या जवळ आली तर दोष वस्तुमानाचा.

लंबक

वीणा, छान. आणखी एक परीक्षा सुचवतो. यात त्रिज्येचा घन आहे. 3 सेमी व्यासाची चकती लावली तर जास्तीचं पाणी 21 वरून 9 ग्रॅमवर यायला हवं आणि शिखर 1.55 च्या आसपास.

आरती_एफवाय

दोन्ही केलं. पाण्यात मोटरशिवाय तीन आंदोलनांना 2 सेकंदांच्या आसपास लागली, म्हणजे 1.5 Hz च. स्टॉपवॉच हातातलं आहे, त्यामुळे दुसऱ्या दशांशाचा भरवसा नाही.

3 सेमीच्या चकतीला शिखर 1.54 ला मिळालं. मोटरवर 0.01 पर्यंतच वाचता येतं.

लंबक

1.54 आणि 1.55 यांवर मी भांडणार नाही. पण बरणी किती रुंद आहे? ते सूत्र अथांग पाण्यासाठी आहे. भिंती जवळ असतील तर पाण्याला बाजूने परतायला जागा कमी, आणि जास्तीचं वस्तुमान वाढतं.

वीणा_नाशिक

सर, मग 4 सेमीच्या चकतीला भिंतींचा परिणाम आणखी जास्त दिसायला हवा होता, आणि तिथे तर सूत्र नेमकं जुळलं. मला सळईची शंका येते. ती किती बुडली होती?

आरती_एफवाय

बरणी लोणच्याची, आतून 11 सेमी. सळई दोन्ही वेळेला सारखीच बुडली होती का ते मोजलेलं नाही.

शेवटचं एक विचारते. जर्नलच्या तक्त्यात हवेचा Q लिहायला एकच रकाना आहे. 27, 32, 36 आणि रेझोनन्सवरून 25. काय लिहू?

लंबक

चारही लिही, आणि प्रत्येकापुढे तो कुठल्या आयामाला मिळाला ते लिही.

इंद्रायणीकाठ

मी 32 लिहिलं असतं. तपासणाऱ्याला एक आकडा हवा असतो. बाकीचे तीन खाली शेऱ्यात द्या.